आधी चुंबक, मग आच, मग पाणी

सातवी ते नववीच्या विज्ञानाच्या वर्कशीटमध्ये एक तक्ता हमखास असतो. डावीकडे मिश्रणं लिहिलेली असतात: मीठ आणि नवसागर, रॉकेल आणि पाणी, अ‍ॅसिटोन आणि पाणी, वाळू आणि लोहकीस. उजवीकडच्या चौकटी रिकाम्या, आणि वर सूचना: ‘योग्य पद्धत निवडा.’ मुलं हा तक्ता भराभर भरतात. नवसागर दिसला की संप्लवन, तेल दिसलं की विलगकारी नरसाळं, पाण्यात मिसळलेला दुसरा द्रव दिसला की ऊर्ध्वपातन. उत्तरं बरोबर येतात आणि गुणही मिळतात.

आता त्याच तक्त्यात ‘कापूर आणि नवसागर’ अशी एक ओळ घाला. दोन्ही पदार्थ संप्लवनाच्या यादीतले, म्हणून बरीचशी मुलं डोळे मिटून संप्लवन लिहितील. कापूर मंद आचेवर उडतो आणि नवसागराला बरीच जास्त उष्णता लागते, तेव्हा जपून तापवलं तर हे जमेलही. पण कापूर पेट घेणारा पदार्थ आहे, त्याला आच दाखवायचीच कशाला? मिश्रणात पाणी घाला. नवसागर विरघळेल, कापूर जवळजवळ तसाच राहील. गाळा, काम झालं. पदार्थाच्या नावावरून पद्धत ठरवली की हा सोपा रस्ता दिसतच नाही. एका घटकाकडे पाहून पद्धत ठरत नसते. दोन घटकांमध्ये फरक कोणत्या गुणधर्माचा आहे, हे पाहून ती ठरते.

मीठ आणि नवसागराची जोडी वर्कशीटमध्ये इतकी लाडकी का, तेही यावरून कळतं. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात सहज विरघळणारे. साधारण २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम मुरतं आणि नवसागर सुमारे ३७ ग्रॅम. म्हणजे विद्राव्यतेत फरक नाही, गाळून उपयोग नाही, चुंबकाचा प्रश्नच येत नाही. फरक उरतो तो उष्णतेला दिलेल्या प्रतिसादात. मीठ ८०१ अंशाला वितळतं, तर नवसागर त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला धूर होऊन निघून जातो. हा एकच दरवाजा उघडा आहे, म्हणून तिथून जायचं.

द्रवांच्या ओळींत पहिला प्रश्न एवढाच विचारावा: हे दोन द्रव एकमेकांत मिसळतात का? रॉकेल पाण्यात मिसळत नाही, वेगळा थर करून राहतं. मग तापवायची गरजच काय? नरसाळं पुरेसं आहे. अ‍ॅसिटोन पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं. नरसाळ्यात दिवसभर ठेवलं तरी थर दिसणार नाही, म्हणून तिथे ऊर्ध्वपातनाकडे वळावं लागतं. ऊर्ध्वपातनाला वेळ लागतो, इंधन लागतं, उपकरणही जास्त लागतं. जिथे पदार्थ आपणहून वेगळे होत असतील तिथे आच लावू नये, हा प्रयोगशाळेतला व्यवहार मुलांना सुरुवातीलाच सांगावा असं मला वाटतं.

विलगकारी नरसाळं चित्रात सोपं दिसतं, हातात घेतल्यावर चार गोष्टी कळतात. हा पेरूच्या आकाराचा काचेचा चंबू असतो, वर बूच आणि खाली तोटी. आता रॉकेल सहजी मिळत नाही, तेव्हा गोडेतेल घेतलं तरी चालतं. ५० मिलिलिटर पाणी आणि तेवढंच तेल आत ओतायचं, नरसाळं स्टँडच्या कड्यात ठेवायचं आणि थांबायचं. इथे घाई करून जोरात हलवलं तर तेलाचे बारीक थेंब पाण्यात अडकून सगळं दुधाळ होतं आणि थरांची सीमा दिसेनाशी होते. असं झालंच तर चिमूटभर मीठ घालून थोडा वेळ थांबावं. खारट पाण्याची घनता वाढते आणि थर बहुतेक वेळा लवकर सुटतात. साबणाचा अंश राहिलेलं भांडं वापरलं असेल तर मात्र मीठही फारसं मदतीला येत नाही, म्हणून नरसाळं आधी नीट खळखळून घ्यावं.

तोटी उघडण्यापूर्वी वरचं बूच काढायला हवं. पुष्कळ मुलं हे विसरतात आणि मग धार मध्येच का थांबली म्हणून तोटी फिरवत बसतात. आत हवा शिरायला वाट नसेल तर खालून द्रव उतरत नाही. बूच काढल्यावर पाणी सरळ उतरू लागतं. सीमारेषा तोटीजवळ आली की धार मंद करायची आणि रेषा तोटीच्या भोकाशी येताच बंद करायची. दोन थरांमधला शेवटचा थोडासा भाग वेगळ्या चंचुपात्रात काढून बाजूला ठेवावा, कारण तो धड पाणी नसतो आणि धड तेलही नसतो. उरलेलं तेल तोटीतून काढू नये, वरच्या तोंडातून ओतावं. तोटीच्या नळीत पाण्याचे थेंब चिकटलेले असतात आणि तेल त्याच वाटेने काढलं तर ते पुन्हा ओलं होतं.

खालचा थर नेहमी पाण्याचाच असतो, असं मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, कारण वर्कशीटमध्ये तेल आणि रॉकेलच असतं. दोघांचीही घनता पाण्यापेक्षा कमी. पण क्लोरोफॉर्म पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे, तो पाण्याखाली बसतो. दोन्ही थर रंगहीन असतील आणि कोणता कुठला ते ठरवता येत नसेल, तर वरून पाण्याचे दोन-चार थेंब सोडावेत. थेंब वरच्या थरात विरून गेले तर वर पाणी आहे. थेंब गोल होऊन वरच्या थरातून खाली घसरले आणि खालच्या थरात मिसळले तर पाणी खाली आहे. वाटलं तर दोन्ही थर जपून ठेवावेत आणि ही खूण पटल्यावरच काय टाकायचं ते ठरवावं.

अ‍ॅसिटोन आणि पाण्याकडे वळू. अ‍ॅसिटोन ५६ अंशाला उकळतं, पाणी १०० अंशाला. अंतर मोठं आहे, म्हणून साधं ऊर्ध्वपातन चालतं. चंबूत मिश्रणासोबत चिनी मातीचे दोन-तीन लहान तुकडे टाकतात, नाहीतर द्रव एकदम उसळतो. तापमापीचा फुगा द्रवात बुडवायचा नसतो. वाफ ज्या बाजूच्या नळीतून बाहेर पडते त्या नळीच्या तोंडाशी तो असावा लागतो, कारण आपल्याला मोजायचं आहे ते बाहेर जाणाऱ्या वाफेचं तापमान. संघनकातलं थंड पाणी खालून आत यावं आणि वरून बाहेर जावं, तरच नळी पूर्ण भरलेली राहते. अ‍ॅसिटोन फार ज्वलनशील असल्यामुळे उघडी ज्योत लावायची नाही, गरम पाण्याच्या भांड्यात चंबू ठेवून तापवायचं. पारा ५६ च्या आसपास बराच वेळ स्थिर राहतो आणि थेंब पडत राहतात. तो वर चढू लागला की भांडं बदलायचं. मधल्या चढत्या काळात जे जमतं त्यात दोन्ही द्रव असतात.

अल्कोहोल आणि पाणी ही ओळ दिसायला तशीच, पण इथे उत्कलनांकातलं अंतर फक्त २२ अंशांचं आहे, अल्कोहोल ७८ ला उकळतं. शालेय पुस्तकं २५ अंशांहून कमी अंतर असेल तर प्रभाजी ऊर्ध्वपातन सांगतात. त्यात चंबू आणि संघनक यांच्यामध्ये काचेच्या मण्यांनी भरलेला उभा स्तंभ असतो. वाफ वर जाताना मण्यांवर थंड होऊन द्रव होते, खालून येणाऱ्या गरम वाफेने पुन्हा उकळते, आणि दर वेळी वर जाणाऱ्या वाफेत अल्कोहोलचा वाटा वाढतो. एकाच नळीत अनेकदा ऊर्ध्वपातन झाल्यासारखं हे आहे.

हे ‘अनेकदा’ गोव्यातल्या काजूच्या भाटीवर डोळ्यांसमोर घडतं. बोंडांचा आंबवलेला रस उकळून पहिल्या फेरीत उर्राक मिळते. तिच्यात अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असतं. उर्राक पुन्हा भाटीत चढवली की फेणी होते आणि अल्कोहोल ४० टक्क्यांच्या पुढे जातं. एकदा उकळून दोन द्रव पूर्ण वेगळे होत असते तर दुसऱ्या फेरीची गरजच पडली नसती. आणि कितीही उंच स्तंभ लावला तरी अल्कोहोल ९५.६ टक्क्यांवर येऊन थांबतं. त्या प्रमाणाचं मिश्रण ७८.२ अंशाला एकच पदार्थ असल्यासारखं उकळतं, वाफेतही तेच प्रमाण आणि द्रवातही तेच. उरलेलं पाणी काढायला मग कळीच्या चुन्यासारखं पाणी शोषणारं काहीतरी घालावं लागतं. वर्कशीटमध्ये ‘शुद्ध अल्कोहोल मिळवण्यासाठी प्रभाजी ऊर्ध्वपातन’ असं लिहिलेलं असेल तर ते अर्धंच खरं आहे.

मिठाच्या पाण्याची ओळ मला नेहमी अपुरी वाटते, कारण तिथे काय हवं आहे तेच विचारलेलं नसतं. मीठ हवं असेल तर पाणी उडवून द्या, मिठागरात तेच करतात. पाणी हवं असेल तर ते वाफेतून परत पकडावं लागेल, म्हणजे ऊर्ध्वपातन. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि प्रश्न अर्धवट आहे. ज्या मुलाने ‘बाष्पीभवन’ लिहिलं आणि ज्या मुलीने ‘ऊर्ध्वपातन’ लिहिलं, त्या दोघांचेही गुण कापू नयेत.

पद्धत निवडण्याची खरी परीक्षा होते ती एकाच मिश्रणात चार पदार्थ दिल्यावर. लोहकीस, नवसागर, मीठ आणि वाळू, प्रत्येकी ५ ग्रॅम. चारही पद्धती मुलांना पाठ असतात, अडतं ते क्रमावर. सर्वात मोहात पाडणारी चूक म्हणजे आधी पाणी घालणं, कारण दोन घटक विरघळतील आणि दोन राहतील, अर्धं काम एका फटक्यात होईल असं वाटतं. पण पाण्यात मीठ आणि नवसागर दोन्ही जातात, ते द्रावण आटवून पुन्हा कोरडं करावं लागतं आणि मगच संप्लवन करता येतं. इकडे ओल्या वाळूतला लोहकीस नवसागराच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात भराभर गंजू लागतो.

दुसरी चूक आधी आच लावण्याची. ही का चूक आहे ते कळायला कल्हईवाल्याला आठवावं. तापलेल्या भांड्यावर तो नवसागराची पूड टाकतो, भपकन पांढरा धूर उठतो आणि कथलाचा हात फिरवायच्या आत भांड्याचा काळपटपणा जातो. तापवलेला नवसागर खरं तर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंमध्ये फुटतो, आणि थंड जागी ते दोन्ही पुन्हा एकत्र येऊन नवसागर होतो. पुस्तकात याला सोयीसाठी संप्लवन म्हणतात. कापरासारखा तो सरळ वायू होत नाही. त्यातला हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा गंज खातो आणि गरम लोखंडालाही सोडत नाही. लोहकीस बशीत असताना नवसागर तापवला तर लोखंडाचा काही भाग क्लोराइड होऊन बसेल, आणि पुढे पाणी घातल्यावर तोही मिठासोबत विरघळेल. मिठाला पिवळट-तपकिरी छटा आली तर समजावं की हेच झालं.

म्हणून आधी चुंबक. मिश्रण पूर्ण कोरडं हवं आणि कागदावर पातळ पसरलेलं हवं. चुंबक पातळ कागदात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवायचा, म्हणजे नंतर आवरण काढलं की कीस अलगद खाली पडतो. उघड्या चुंबकाला चिकटलेला कीस सोडवताना नाकी नऊ येतात. एकदा उचललेला कीस पुन्हा पसरून पुन्हा उचलायचा, कारण पहिल्या वेळी त्याच्यासोबत मिठाचे कणही येतात. महाराष्ट्रात यात एक आणखी पेच आहे. आपल्या बऱ्याच नद्यांची वाळू काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेली असते आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. चुंबक तेही उचलतो. प्रयोगाच्या आधी नुसत्या वाळूवर चुंबक फिरवून हे कण काढून टाकले तर पुढचा गोंधळ टळतो.

मग आच. उरलेलं १५ ग्रॅम मिश्रण बाष्पनपात्रात पसरायचं, त्यावर काचेचं नरसाळं उलटं ठेवायचं आणि नरसाळ्याच्या नळीच्या टोकाला कापसाचा सैल बोळा बसवायचा. बोळा सैल यासाठी की आतल्या गरम हवेला बाहेर पडायला जागा हवी. स्पिरिटच्या दिव्याने मंद आच द्यायची. थोड्या वेळात आत पांढरा धूर भरतो आणि नरसाळ्याच्या भिंतीवर वरच्या थंड भागात पांढरी बुकटी जमू लागते. आच वाढवली तर नरसाळंही तापतं, बुकटी बसायला थंड जागा उरत नाही आणि धूर बोळ्यातून निसटतो. नरसाळ्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवली तर जास्त जमतं, फक्त पाण्याचा थेंब खाली गरम पात्रावर पडू द्यायचा नाही. मध्ये एकदा आच थांबवून, पात्र थंड करून, मिश्रण ढवळून पुन्हा तापवावं, कारण वाळूच्या थराखाली नवसागर अडकून राहतो. धूर यायचा थांबला की हा टप्पा संपला. खिडक्या उघड्या असाव्यात आणि कुणी वाकून वास घेऊ नये.

पाण्याची पाळी आता येते. पात्र पूर्ण थंड झाल्यावर त्यात २५ मिलिलिटर पाणी घालून ढवळायचं. ५ ग्रॅम मिठाला १५ मिलिलिटरही पुरलं असतं, पण काठोकाठ मापाचं पाणी घेतलं तर मीठ विरघळायला वेळ लागतो. भरमसाट पाणी घेतलं तर ते आटवण्यात तास जातो. गाळणकागदातून गाळल्यावर वाळूवर थोडं थोडं पाणी दोनदा सोडून तिला धुवायचं, कारण ओल्या वाळूत मिठाचं पाणी अडकलेलं असतं. गाळलेलं द्रावण आटवताना शेवटी शेवटी मीठ तडतडून बाहेर उडतं, तेव्हा थोडं पाणी उरलं असतानाच आच कमी करावी आणि राहिलेलं मंद आचेवर सुकू द्यावं.

सगळं वाळल्यावर चारही ढीग वजनकाट्यावर ठेवायचे, आणि हा भाग वर्कशीटमध्ये सहसा नसतो याचं मला वाईट वाटतं. समजा वजनं अशी आली: लोहकीस ५.३ ग्रॅम, नवसागर ४.१, वाळू ४.८ आणि मीठ ५.५. बेरीज १९.७. वीसमधले फक्त ०.३ ग्रॅम हरवले, म्हणजे प्रयोग उत्तम झाला, असं पहिल्या नजरेला वाटेल. पण लोहकीस ठेवला होता ५ ग्रॅम आणि परत मिळाला ५.३, म्हणजे त्यात दुसरं काहीतरी आलं आहे: मॅग्नेटाइटचे कण, चिकटलेलं मीठ किंवा दोन्ही. वाळूतून ०.२ ग्रॅम गेलेले दिसतात. नवसागर ०.९ ग्रॅमने कमी आणि मीठ अर्ध्या ग्रॅमने जास्त. या दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून बेरीज छान दिसते.

मिठाचं वजन जास्त असण्याची दोन कारणं संभवतात: ते अजून ओलं आहे, किंवा त्यात नवसागर राहिला आहे. पहिलं तपासायला मीठ उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून सुकवावं आणि थंड करून पुन्हा वजन घ्यावं. वजन उतरलं तर ते पाणी होतं. एवढ्या तापमानाला नवसागर उडत नाही, त्यामुळे दोन्ही कारणांची गल्लत होत नाही. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत हे करायचं. तरीही वजन पाचच्या वर राहिलं तर त्यातलं चिमूटभर मीठ परीक्षानळीत घेऊन त्यात थोडा ओला चुना मिसळावा आणि हलकेच ऊब द्यावी. नवसागर असेल तर चुन्यामुळे त्यातला अमोनिया सुटतो, नळीच्या तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा होतो आणि तो झोंबणारा वास हाताने वारा घेऊन लांबूनही ओळखता येतो. नुसत्या मिठाला यातलं काहीच होत नाही. लिटमस निळा झाला तर राहिलेलं मीठ कोरडं करून पुन्हा नरसाळ्याखाली ठेवायचं, धूर थांबेपर्यंत तापवायचं, आणि भिंतीवर जमेल ती बुकटी खरवडून आधीच्या ४.१ ग्रॅममध्ये मिळवायची.